कोणी पाहिले?

नाचाचे कपडे घालून कधीच्या ताटकळलेल्या पोरा-पोरींनो,

पत्रिकेत माझ्या नावासमोर 'पत्रकारितेतील संधी' असं छापलंय. ते दोन वाक्यांत उरकतो. मी अमरावतीला एका दैनिकात उपसंपादक आहे. आलेल्या बातमीतलं ऐकीव काढायचं आणि पाहिलेलं वर आणायचं, एवढंच माझं काम. ते मी शिकलो इथंच, धनजच्या या शाळेत, आणि ज्यांनी शिकवलं ते सर पहिल्या रांगेत उजवीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसलेत. सर, मान हलवू नका, आज सांगणारच आहे.

मी इथं शिकायचो तेव्हा धनज अकोला जिल्ह्यात होतं. वाशीम जिल्हा १९९८ साली झाला, त्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. मी नववीत. 'पावसाळा' या विषयावर निबंध होता. गाईडातून झकास उतरवला. तापलेली धरती, काळे ढग, हिरवा शालू, नाचणारा मोर. मोर मी तोवर कॅलेंडरवरच नाचताना पाहिला होता. वही परत आली तेव्हा दहापैकी तीन. हिरव्या शालूखाली लाल शाईत 'कोणी पाहिले?' चौदाव्या ओळीकडे एक बाण, त्यावर 'इथून सुरू कर', आणि त्याच ओळीपुढे एकच शब्द, 'मग?' ती ओळ होती, 'यंदा आमची सरकी दोनदा टोबावी लागली.' गाईडात नसलेली तेवढीच.

मला वाटलं, सर टोमणे मारतायत. हट्टानं तोच निबंध वळणदार अक्षरात काढून दिला. तीनच. मग 'कोणी पाहिले?' याचं उत्तर म्हणून लिहिलं, 'मी हिरवा शालू पाहिला.' अजून तीनच, आणि प्रश्नाखाली आता दोन रेघा.

त्या रात्री आई तूर निवडत बसली होती. म्हणाली, "काय लिवून राह्यला रे एवढं?" वाचून दाखवलं. तिनं सूप खाली ठेवलं. "हे कुठं पाह्यलं तुनं? यंदा तं आपल्या वावरात हिरवं काहीच नोतं."

प्रश्न सरांचाच होता. पण आईनं विचारल्यावर तो टोमणा वाटला नाही. तिला खरंच कळत नव्हतं मी कोणत्या वावराबद्दल बोलतोय ते. मग जुना कागद बाजूला ठेवला आणि चौदाव्या ओळीपासून नव्यानं सुरुवात केली.

मिरगाचा पाऊस पडला, सरकी टोबली. लगेच एक दणका पाऊस आला, माती थापल्यासारखी बसली आणि वर उघाड पडली, तशी खपली धरली. आठ दिवस झाले तरी ओळ दिसेना. बाबांनी बोटानं माती उकरली. काही दाणे दाबले की आतून लिबलिबीत, कुजका वास. काहींना कोंब होता, पण खपली फोडता न आल्यानं खालीच मुडपून पिवळा पडलेला. बाबा तो कोंब तळहातावर घेऊन बराच वेळ धुऱ्यावर बसले. मग? मग मामाकडून सरकी आणली, तीही पुरली नाही, उरलेल्या पट्ट्यात ज्वारी पेरली. हे लिहिताना कळलं, तिन्ही शेरे म्हणजे एकच गोष्ट होती. सर माझी भाषा सुधारत नव्हते. माझ्याच निबंधात दडलेला निबंध त्यांना सापडला होता, आणि पुढं काय झालं ते त्यांना ऐकायचं होतं.

म्हणून सांगतो, लाल शाईची वही आली की वरवर डागडुजी करू नका. कोरा कागद घ्या, पहिल्या शब्दापासून हातानं पुन्हा लिहा. जुन्या कागदावर खाडाखोड केली की जुनंच वाक्य जिंकतं. मी बातम्यांतही हेच करतो. नवे वार्ताहर मला शिव्या देतात. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नामवंत लेखकांनाही लांबलचक पत्रं धाडून कथा पुन्हा लिहायला लावत. तिथं कुणाची सुटका झाली नाही, मग नववी 'ब'ची कशी होईल? कोरा कागद घ्या. आणि समोर बसलेल्या आई-बाबांनो, सरपंचसाहेब तुम्हीसुद्धा, पोरानं लिहिलेलं एकदा त्याच्या तोंडून ऐका. चुका काढू नका. जे समजलं नाही, तेवढंच विचारा.

या खेपेला सात मिळाले. तीन गेले कशाला? शेवटी मी लिहिलं होतं की अशा रीतीनं पावसाळा सुख आणि दुःख दोन्ही देतो. त्यावर लाल काट आणि शेरा, 'हे वाचणारा म्हणेल.'

सर, आजच्या भाषणाच्या शेवटीही अशा चार ओळी लिहून आणल्या होत्या. कारंज्याहून येताना एसटीतच खोडल्या.