बारा वाजले, पण सावली सरकतच होती

(संस्थेच्या हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मालवणच्या बाजूला आपल्या संस्थेची जी अभ्यासिका चालते, तिथल्या पहिली ते चौथीच्या मुलांबरोबर आम्ही सावलीचे खेळ खेळतो. आज मी त्यातला एकच खेळ सांगणार आहे, कारण त्यात माझी एक चूक झाली आणि ती एका मुलीने दाखवून दिली.

सुरुवात अगदी साधी असते. सकाळी मूल खळ्यात उभं राहतं. दुसरं मूल खडूने आधी त्याच्या पावलांभोवती रेघ मारतं आणि मग सावलीभोवती. तासाभराने त्याच पावलांवर पुन्हा उभं राहायचं. सावली जुन्या रेघेतून बाहेर सरकलेली असते आणि आखूडही झालेली असते. पावलांची खूण विसरली तर सगळं फुकट जातं. मूल दोन वीत इकडेतिकडे उभं राहिलं तरी सावलीच सरकली असं वाटतं. एक नियम मात्र कडक आहे. सूर्याकडे बघायचं नाही, बघायचं ते जमिनीकडे.

आमच्याकडची बरीच मुलं ठाकर समाजाची आहेत. कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीची चामड्याच्या बाहुल्यांची कला याच समाजाची. पडद्यामागे दिवा असतो, बाहुली दिव्याजवळ नेली की तिची सावली मोठी होते. हे ठाऊक असलेलं मूल खळ्यातली सावली बघून म्हणतं, सूर्य लांब गेला, जवळ आला, म्हणून सावली बदलली. मुलाचा विचार चुकीच्या वाटेचा नाही, फक्त तो दिव्याला लागू आहे. म्हणून आम्ही अंधाऱ्या खोलीत जमिनीवर पेन्सिल उभी करतो आणि टॉर्च तेवढ्याच अंतरावर ठेवून हळूहळू वर नेतो. टॉर्च खाली असताना सावली लांब पडते, वर गेला की आखूड होते. अंतर तेच, बदलली ती फक्त उंची. एवढं एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं मुलांना समजतं.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी मी मुलांना सांगितलं होतं, “दुपारी बारा वाजता सावली सगळ्यांत लहान असते आणि ती बरोबर उत्तरेकडे पडते.” मी तसंच शिकले होते. 26 जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर आम्ही खळ्यात एक मीटरची काठी रोवली. दोरीला दगड बांधून ती सरळ उभी आहे ना, ते पाहून घेतलं. दर अर्ध्या तासाने मुलं सावलीच्या टोकावर खडा ठेवत होती. बारा वाजता मी म्हटलं, “ही उत्तर,” आणि तिथे बाण काढला. सावली 75 सेंटिमीटर होती.

साडेबारा वाजता तिसरीतली एक मुलगी म्हणाली, “ताई, सावली अजून आखूड होता हा.” तिने ठेवलेला खडा 71 सेंटिमीटरवर होता. मी तिला काय सांगितलं असेल? म्हटलं, “काठी हलली असेल, तो खडा उचल.” तिने उचलला. पुस्तकाशी जुळत नाही म्हणून मी एका मुलीला तिच्या डोळ्यांनी पाहिलेलं पुसायला लावलं. संध्याकाळी होकायंत्र आणून पाहिलं तेव्हा माझा बाण उत्तरेपासून चांगलाच पश्चिमेकडे झुकलेला होता. मुलीचं बरोबर होतं.

कारण घड्याळात आहे. आपलं घड्याळ भारतीय प्रमाणवेळेने चालतं आणि ती वेळ 82 अंश 30 मिनिटं पूर्व रेखांशाची आहे. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. मालवण तिच्या पश्चिमेला सुमारे 9 अंशांवर आहे. सूर्याला एक अंश ओलांडायला 4 मिनिटं लागतात, म्हणून आपल्याकडे तो डोक्याच्या रेषेवर येतो तो 36 मिनिटं उशिरा. शिवाय पृथ्वीची कक्षा पुरती गोल नाही आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळे वर्षभरात यात थोडी भर पडते किंवा घट होते. जानेवारीच्या शेवटी भर पडते ती 12 मिनिटांची. म्हणून त्या दिवशी मालवणची खरी मध्यान्ह 12 वाजून 48 मिनिटांनी होती, आणि बारा वाजताची सावली उत्तरेपासून जवळजवळ 19 अंश पश्चिमेकडे होती.

तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांत लहान सावली शोधावी आणि तिथे बाण काढावा. पण तेही नीट जमत नाही. मध्यान्हीच्या आसपास लांबी फार हळू बदलते. साडेबारापासून एक वाजून गेल्यावरही फरक एखाद्या सेंटिमीटरचाच असतो, आणि सावलीचं टोक तर धूसर असतं. मुलांत भांडणं होतात, “ही लहान,” “नाही, ही लहान.”

म्हणून पुढच्या वर्षापासून आम्ही आपली जुनी वर्तुळाची रीत घेतली. सकाळी 10 वाजता सावली 1 मीटर 39 सेंटिमीटर होती. काठीच्या बुडाला दोरी बांधून तेवढ्याच लांबीने खडूचं वर्तुळ काढलं आणि जिथे टोक टेकलं तिथे खडा ठेवला. मग सावली वर्तुळाच्या आत शिरली. जेवणानंतर ती पुन्हा वाढू लागली. मुलं वर्तुळाभोवती उकिडवी बसून वाट पाहत होती. 3 वाजून 36 मिनिटांनी टोक पुन्हा रेघेला टेकलं. तिथे दुसरा खडा. या वेळी सावली भराभर वाढते, त्यामुळे टेकण्याचा क्षण स्पष्ट कळतो, भांडण होत नाही.

दोन खड्यांना जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. सकाळचा खडा पश्चिमेकडे, दुपारचा पूर्वेकडे. त्या रेघेच्या मधोमधून काठीच्या बुडापर्यंत रेघ ओढली की ती उत्तर-दक्षिण. यासाठी घड्याळ लागत नाही. उलट चौथीच्या मुलांनी घड्याळच तपासलं. दहापासून 3.36 पर्यंत 5 तास 36 मिनिटं, त्याची निम्मी 2 तास 48 मिनिटं. ती दहामध्ये मिळवली की 12 वाजून 48 मिनिटं. मी होकायंत्र ठेवलं, ते रेघेशी जुळलं.

या खेळालाही मर्यादा आहे. “मध्यान्हीची सावली उत्तरेकडे” हे मालवणात बारा महिने खरं नाही. 5 मेच्या सुमाराला सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर दिसेनाशी होते. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते. मे महिन्यात मुलं सुट्टीवर असतात, ऑगस्टमध्ये ढग असतात, म्हणून शाळेत हे कोणाला दिसत नाही. आम्ही मुलांना घरी करायला सांगतो. 5 मेला साडेबाराच्या सुमारास अंगणात तांब्या पालथा नव्हे, सरळ उभा ठेवायचा आणि त्याच्या बाहेर कुठे सावली दिसते का ते बघायचं. तुम्हीही करून बघा.

ती मुलगी आता पाचवीत गेली. ती शाळा बदलून जाण्याआधी मी तिला सगळ्यांसमोर सांगितलं की त्या दिवशी तिचा खडा बरोबर होता आणि माझा बाण चुकला होता. आमच्या अभ्यासिकेत आता एक नियम आहे. आकडा पुस्तकाशी जुळला नाही तरी खडा उचलायचा नाही. आधी काठी तपासायची, मग घड्याळ, आणि मग ताईंना विचारायचं.