वगळलेल्या साइट्सचा हिशेब



समजा, लोणार तालुक्यातल्या बीबी गावात ठिबक-तुषार संचांचं दुकान आहे. दुकानदाराने मोबाइलवर जाहिरात लावली: नाव-नंबर द्या, आम्ही फोन करतो. नंबर धडाधड आले. फोन केला तर उत्तर, ‘मी काही भरलं नाही, पोरगं गेम खेळत होतं.’ जाहिरात कुठेकुठे दिसली तो तक्ता उघडला, तर वरच्या ओळींत गेमची आणि टॉर्चची अॅप्स!

अशा जागा वगळण्याची यादी लावता येते. पण त्याने पोहोच किती घटेल?

२०१७ साली जेपी मॉर्गन चेस या अमेरिकी बँकेच्या जाहिराती सुमारे ४ लाख साइट्सवर दिसत होत्या. त्यातल्या जेमतेम १२ हजारांवर क्लिक वगैरे काही घडत होतं. त्या एकेक उघडून तपासल्या, सुमारे ५ हजार ठेवल्या. परिणामात फारसा फरक पडला नाही.

आपल्या दुकानदाराने मात्र बँकेच्या भरवशावर राहू नये. मे महिन्यात यादी नाही आणि जूनमध्ये आहे, अशी तुलनाही नको. पेरणी तोंडावर आली की चौकशीचा रंगच पालटतो. एकाच वेळी, सारख्या पैशात दोन भाग चालवावेत आणि कोणाला कुठला भाग दिसेल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरू द्यावं. यादी एकाच भागाच्या मोहिमेला जोडावी. पूर्ण खात्याला जोडली, तर ती दोन्ही भागांना लागते आणि चाचणी फुकट जाते.

एक मानीव हिशेब पाहू. दोन्हीकडे २० हजार रुपये. यादीविना जाहिरात १ लाख लोकांना दिसली, २०० नंबर आले, त्यांतले खरे ३०. यादीसह ८० हजारांना दिसली, १२० नंबर, खरे ३६. वरवर पाहता एक नंबर १०० रुपयांवरून १६७ वर गेला, म्हणजे तोटा. खऱ्या चौकशीचा भाव मात्र ६६७ वरून ५५६ वर आला.

इथे टाळ्या वाजवायची घाई नको. ३० आणि ३६ मधला फरक निव्वळ योगायोगही असू शकतो; चाचणी आणखी चालवावी लागेल. फुसके नंबर १७० वरून ८४ झाले, ते मात्र योगायोगाने होत नाही. तेवढे फोन वाचले, हे पक्कं.

‘ब्रँड सेफ्टी’च्या नावाखाली शब्दही वगळले जातात, आणि माझ्या मते खरी गफलत तिथेच होते. ‘आत्महत्या’ शब्द वगळला, की शेतकरी वाचतो त्या जिल्ह्याच्या बातम्यांची कितीतरी पानं बंद होतात. अशा पानावर आपली जाहिरात नको, असं दुकानदाराला वाटलं तर तो त्याचा हक्क. पण त्याची किंमत कळायला हवी, म्हणून त्या शब्दाची चाचणी वेगळी लावावी. गेमच्या अॅप्सबरोबर एकाच यादीत घातला, तर कशाने पोहोच घटली आणि कशाने नंबर सुधारले, ते उलगडणार नाही.