फुलाचं आडनाव विचारा

कुठलंही हर्बल पाकीट उघडण्याआधी आतल्या वनस्पतीचं कूळ विचारा, एवढाच माझा हट्ट आहे. परागकण म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक आहेच, पुढे जातो.

माझ्याकडे फुलांचे हार करणाऱ्या एक बाई येत. शेवंतीचा हंगाम आला की शिंका, डोळ्यांना पाणी. भाचीनं त्यांना झोपेसाठी कॅमोमाईलचा चहा दिला. दहा मिनिटांत तोंड खाजू लागलं, ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, मग आवाज घोगरा झाला आणि चक्कर आली. घरच्यांनी ॲलर्जीची गोळी दिली आणि ‘जरा चाला, बरं वाटेल’ म्हणून त्यांना उठवलं. त्या दारातच कोसळल्या.

शेवंती आणि कॅमोमाईल दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली, त्यातही जवळची भावंडं. त्यांची काही प्रथिनं इतकी सारखी असतात की शेवंतीविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं कॅमोमाईललाही शेवंतीच समजतात. चहा म्हणजे वाळलेली फुलंच, परागासकट.

(मागून एक आवाज : “मग झेंडूचं तोरणही बंद?”) नाही हो! दसरा तुमचाच. कूळ एक म्हणून प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही. ज्याला एकदा झाला, त्यानं तपासणीशिवाय पुन्हा चाखून बघायचं नाही, इतकंच.

आता गाजरगवत. पुण्यात १९५५च्या सुमारास ते नोंदलं गेलं, काँग्रेस गवत हे नाव पडलं... (हशा) मी राजकारणावर बोलत नाही! तेही याच कुळातलं. पण शेतकऱ्याच्या पापण्या, मान, कोपराची लवण खाजून जाड होते, तो प्रकार वेगळा. तिथे प्रथिन नव्हे, पानातलं पार्थेनिन हे रसायन त्वचेला चिडवतं. त्रास मिनिटांत नव्हे, एकदोन दिवसांनी दिसतो. त्याची चाचणीही वेगळी, पाठीवर पट्टी चिकटवून. एक शेतकरी सांगायचा, “डॉक्टर, बांधावरून नुसता गेलो तरी...” काय? पाचच मिनिटं? चिठ्ठी मिळाली, अध्यक्षमहाराज.

मग मुद्द्याचं. नुसती खाज आणि चार गांधी असतील तर चहा थांबवा, ॲलर्जीची गोळी घ्या, माणसाला एकटं सोडू नका. पण श्वासाचा त्रास, घोगरा आवाज किंवा चक्कर यांपैकी एक जरी दिसलं, तर गोळीवर विसंबू नका. १०८ला फोन करा. आडवं झोपवा, पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या, पण चालवू नका. औषध एकच, ॲड्रेनॅलिन. मोठ्या माणसाला साधारण अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यात थांबा, कारण त्रास उलटू शकतो.

त्या बाई वाचल्या. आता दुकानदाराला विचारतात, “याचं आडनाव काय?” तो हसतो. हसू दे.