सूत्र नंतर, आधी छेदाकडे बघा

(नाशिकमध्ये बारावीच्या मुलांसाठी झालेल्या इंटिग्रेशनच्या कार्यशाळेतलं हे सुरुवातीचं बोलणं. ऐकत ऐकत वाचणार असाल तर वही-पेन जवळ ठेवा.)

बसा, मागचे पुढे या. पंखा इकडेच आहे.

आत येताना कुणीतरी विचारलं, "सर, सूत्रांची शीट देणार का?" देणार, पण संध्याकाळी. आत्ता एकच गणित फळ्यावर लिहितो, तेवढं सोडवा.

∫ dx / (x² + 6x + 13)

दोन मिनिटं झाली. मी वह्यांवरून फिरलो. बऱ्याच जणांनी हे लिहिलंय:

log(x² + 6x + 13) / (2x + 6) + C

लाजू नका, हे उत्तर मला दरवर्षी भेटतं. ते येतं कुठून, ते बघू. 1/(2x + 3) चं इंटिग्रेशन तुम्ही शंभर वेळा केलंय. log घ्यायचा आणि 2 ने भागायचं. तिथे ते बरोबर आहे, कारण 2 हा स्थिरांक आहे. हाताला सवय लागली, "log घ्या, आतल्याच्या डेरिव्हेटिव्हने भागा." इथे मात्र आतल्याचं डेरिव्हेटिव्ह 2x + 6 आहे आणि त्यात x बसलाय.

चूक आहे हे कळणार कसं? उत्तराचं डेरिव्हेटिव्ह घ्या. भागाकाराचा नियम लावला की पहिला तुकडा 1/(x² + 6x + 13) मिळतो, अगदी हवा तसा. पण त्याच्यामागे एक शेपूट येतं:

− 2 log(x² + 6x + 13) / (2x + 6)²

साधा भाजक स्थिरांक असता तर हे शेपूट आलंच नसतं. इंटिग्रेशनमध्ये ही एक मोठी सोय आहे, उत्तर बरोबर आहे का ते स्वतःचं स्वतः तपासता येतं. तरी आपण ते करत नाही, आधी पान उलटून मागचं उत्तर बघतो.

आता छेदाकडे नीट बघा. 6x चं अर्धं 3, त्याचा वर्ग 9. 13 मधून 9 काढले की 4 उरतात. म्हणजे छेद झाला (x + 3)² + 2². आता हा ओळखीचा चेहरा आहे:

½ tan⁻¹((x + 3)/2) + C

आता मी फक्त 13 पुसतो आणि 9 लिहितो. छेद नुसता (x + 3)² राहिला. tan⁻¹ गेला, उत्तर −1/(x + 3) + C.

अजून एकदा पुसतो, 5 लिहितो. छेद (x + 3)² − 4, म्हणजेच (x + 1)(x + 5). याचे दोन तुकडे पडतात, ¼ [1/(x + 1) − 1/(x + 5)], आणि उत्तर येतं:

¼ log |(x + 1)/(x + 5)| + C

एक आकडा बदलला आणि तीन वेगळी उत्तरं आली. ज्याने तीन सूत्रं पाठ केली, त्याला आधी कुठलं लावायचं हे ठरवावं लागतं, आणि अडतं तिथेच. ज्याने पूर्ण वर्ग केला, त्याला उरलेला आकडाच सांगतो: धन उरला, शून्य उरला की ऋण.

"सर, सीईटीत एवढा वेळ कुठे?" हा प्रश्न येणारच. गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं. एका प्रश्नाला १०८ सेकंद. पूर्ण वर्ग करायला सरावानंतर दहा-पंधरा सेकंद पुरतात. चुकीच्या सूत्राने निघालात तर तिसऱ्या ओळीवर परत फिरावं लागतं, वेळ खरा तिथे जातो. आणि चार पर्याय दिलेले असतात. फार अडलं तर पर्यायाचंच डेरिव्हेटिव्ह घेऊन बघा.

सूत्रं पाठ करू नका, असं मी म्हणत नाही. 1/(x² + a²) चं इंटिग्रेशन पाठ हवंच, परीक्षेत ते पुन्हा सिद्ध करत बसू नका. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे.

आपल्या देवळालीच्या शाळेत द. रा. कापरेकर शिकवायचे. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, वजाबाकी करा, पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळात 6174 येते. यातली एकेक पायरी चौथीच्या पोराला येते. ती पुन्हा पुन्हा करून, काय होतंय हे बघत बसायला मात्र कापरेकर लागले.

बरं, आता पहिलं काम. छेद तोच, 13 वाला. वर 1 च्या जागी x लिहितो.

∫ x dx / (x² + 6x + 13)

एक इशारा देतो. वर 2x + 6 असतं तर नुसता log आला असता. वर फक्त x आहे. मग x मधून 2x + 6 कसा काढाल, आणि काढल्यावर मागे काय उरेल? दहा मिनिटं घ्या. उत्तर आलं की हात वर करू नका, आधी त्याचं डेरिव्हेटिव्ह घ्या.