वाचून दाखवलं, पण कोणी?



वकील व दस्तलेखकांच्या या सभेचा अध्यक्ष म्हणून मी वर्षभरातल्या निकालांचा आढावा घ्यावा, अशी संयोजकांची सूचना होती. तो छापील अहवालात आहे, सवडीने वाचा. मी फक्त एका ओळीबद्दल बोलणार आहे. अंगठा केलेल्या प्रत्येक मृत्युपत्राच्या शेवटी ती असते : ‘वरील मजकूर वाचून दाखविला, समजावून सांगितला, तो मान्य व कबूल म्हणून निशाणी डावा अंगठा.’ म्हातारी एसटीतून उतरायच्या आतच ही ओळ टाइप झालेली असते. मग ती कशाचा पुरावा?

आपल्यातले काही जण म्हणतात, वारसा कायद्याचं कलम 63 पाळलं की झालं. ते कलम सहीइतकीच निशाणीही चालवून घेतं. मृत्युपत्र करणाऱ्याला निशाणी करताना दोन साक्षीदारांनी पाहिलेलं असावं किंवा ती आपली असल्याचं त्याने त्यांना स्वतः सांगितलेलं असावं आणि त्यांनी त्याच्यासमोर सह्या कराव्यात, एवढंच ते मागतं. आत काय लिहिलंय हे साक्षीदाराला माहीत असण्याची गरज नाही. नेमकी इथेच फट आहे. लिहिता येणाऱ्याची सही पाहिली की त्याने वाचलं असेल, असं मानायला जागा असते. अंगठ्याला ती नसते. तो कोणाचा हे ठसेतज्ज्ञ सांगेल, पण मजकूर कळला होता का, हे कुठलाच तज्ज्ञ सांगणार नाही.

मी एका मुलीच्या बाजूने उभा होतो. आईच्या मृत्युपत्राने गटाचा पश्चिमेकडचा भाग पुतण्याला गेला होता. साक्षीदार प्रामाणिक माणूस. म्हणाला, ‘अंगठा माझ्यासमोर केला.’ मी विचारलं, वाचलं कोणी? ‘मी आलो तेव्हा वाचून झालं होतं.’ दुसऱ्या साक्षीदाराचं तेच. पुतण्या मात्र शाई लावताना हजर होता आणि लिहिणाऱ्याचे पैसेही त्यानेच दिले होते. मग शेजारच्या शेतकऱ्याला उभं केलं. तो म्हणाला, म्हातारीने उभ्या आयुष्यात गट नंबर उच्चारला नाही; तिच्या तोंडी एक ‘विहिरीचं’ आणि एक ‘बांधावरचं’. पश्चिमेकडचा भाग म्हणजे विहिरीचं, हे तिला कोणी सांगितलं होतं? विहिरीचं लेकीला, असं ती चारचौघांत म्हणत आलेली. समजा ओळ खरी, मजकूर खणखणीत आवाजात वाचलाही असेल. पण गट, चतुःसीमा, हेक्टर-आर यांत तिला तिची विहीर ऐकूच आली नाही. मृत्युपत्र टिकलं नाही.

नोंदणी करा म्हणजे झालं, हा दुसरा पक्ष. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदवलेलं केव्हाही चांगलंच. पण राणी पूर्णिमा देवींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साफ सांगितलं, की नोंदणी वरवरची झाली, मजकूर करणाऱ्याला वाचून दाखवला गेलाच नाही, तर निव्वळ शिक्क्याने संशय फिटत नाही. त्याआधी वेंकटाचल अय्यंगार खटल्यात आपल्या साताऱ्याच्या गजेंद्रगडकरांनी लिहून ठेवलंय : ज्याला लाभ तोच मृत्युपत्र करवण्यात पुढे असेल, तर शंका दूर करण्याचं ओझं ते पुढे आणणाऱ्यावर. इंग्लंडात 1987 च्या नियमांनुसार निरक्षर किंवा अंध माणसाचं मृत्युपत्र ग्राह्य धरण्याआधी, त्याला मजकूर ठाऊक होता याची निबंधकाने खात्री करून घ्यायची असते. आपल्याकडे ती खात्री माणूस गेल्यावर, भाऊबंदकी पेटल्यावर, घोडेगावच्या कोर्टात होते.

तरुण वकील चित्रफितीसाठी मोबाइल पुढे करतात. मी अशी चित्रफीत पाहिली आहे. ‘आजी, कबूल आहे ना?’ ‘व्हय.’ ‘राजीखुशीने?’ ‘व्हय.’ तिला उसाला तोड आली का विचारलं असतं, तरी ती व्हयच म्हणाली असती. तिला विचारा, ‘विहिरीचं कोणाला? थोरल्याला का नाही?’ आणि गप्प बसा. बोलू द्या. थोरल्याला का वगळलं हे तिने तिच्या बोलीत सांगितलं, की ते तसंच लिहून घ्या. लाभ मिळणाऱ्याला तेवढा वेळ बाहेर चहाला पाठवा.

आणि ज्याने वाचलं त्याने खाली स्वतःच्या हाताने लिहावं : मी वाचलं, या बोलीत सांगितलं, शेताचं घरगुती नाव घेऊन विचारलं, तिने हे उत्तर दिलं. खाली नाव, पत्ता, सही. साक्षीदार वाचनाच्या आधीपासून बसलेले असावेत. शाई लावायला बोलावलेला साक्षीदार अंगठ्यापुरताच. दस्तलेखक कुरकुरतील, मला ठाऊक आहे. नाव लिहिलं की उद्या कोर्टात पिंजऱ्यात उभं राहावं लागेल, ही त्यांची भीती. राहा की! पान लिहिण्याचे पैसे घेताना भीती वाटली नव्हती.

अशा नोंदीचा नमुना करण्यासाठी समिती नेमावी, असं दुपारी ठरलंय. त्यात कोण आणि किती, ते अजून ठरायचंय. मी माझा कच्चा मसुदा आणलाय, कार्यवाहांकडे देतो. त्यात शेताच्या घरगुती नावाचा रकाना मात्र कोणी खोडू नये.