भिंत नसलेला तुरुंग

आमच्या होटगीत 'जेल' म्हटलं की उंच भिंतच डोळ्यांपुढे येते. पण सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत आहे, तिला तशी भिंत नाही. 1939 मध्ये औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने हा प्रयोग केला. 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट त्यावरूनच सुचला.

इथे कोणालाही पाठवत नाहीत. कच्चा कैदी नाही, सराईत नाही, पूर्वी पळालेला तर नाहीच. आधी बंद तुरुंगात चांगल्या वर्तणुकीने शिक्षेचा काही काळ काढावा लागतो, मग निवड समिती ठरवते. स्वतंत्रपुरात कैदी बायकामुलांसह राहतो, शेती कसतो. हेच मला मोलाचं वाटतं. बंद तुरुंगातून सुटलेल्याला स्वतःचंच घर परकं झालेलं असतं. इथे संसार तुटतच नाही. हद्द ओलांडली, तर मात्र पुन्हा बंद तुरुंग.

अडचण वेगळीच आहे. होटगीतल्या एखाद्या बाईने नवऱ्यापाठोपाठ तिकडे जायचं, तर इथलं कोरडवाहू रान, मुलांची शाळा आणि म्हातारी सासू कुणावर सोडायची?