महिनाअखेरचा कागद

दर महिन्याच्या शेवटच्या तारखेला आम्ही नवरा-बायको एक कागद भरतो. डावीकडे जमा : बचत खात्यात 90,000, मुदत ठेव 3,00,000. उजवीकडे देणे : वैयक्तिक कर्जाचे उरलेले मुद्दल 1,60,000, आणि क्रेडिट कार्ड. पहिल्यांदा कार्डापुढे आम्ही 2,000 लिहिले. पण ती बिलातली किमान भरायची रक्कम होती. एकूण थकबाकी 40,000 होती! म्हणजे निव्वळ शिल्लक 2,28,000 नव्हे, 1,90,000. बचत खाते वर्षाला जेमतेम 3 टक्के व्याज देत होते. कार्ड महिन्याला तेवढे घेत होते. आम्ही बचतीतूनच कार्ड फेडले. त्या दिवशी निव्वळ आकडा हलला नाही, पण त्याला लागलेली गळती थांबली.